पालुपद, कोरस आणि सेतू : गीताच्या बांधणीचा एक धडा

गीतलेखन शिकवताना मला नेहमी एक अडचण येते. विद्यार्थी गीत लिहून आणतात, तेव्हा ध्रुवपद चांगले जमलेले असते, पण पुढची तीन कडवी एकाच गोष्टीची तीन रूपे असतात. दुसरे कडवे तिसऱ्याच्या जागी ठेवले तरी काही बिघडत नाही. मग प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परत आले, की ऐकणारा ते ऐकत नाही, ते संपण्याची वाट पाहतो. पाश्चात्त्य लोकप्रिय गीतांत या अडचणीवर एक उपाय रुळलेला आहे. तो नेमका कसा चालतो, हे एका गीताच्या आधारे पाहू.

आधी संज्ञा स्पष्ट करून घेऊ. 'व्हर्स' म्हणजे कडवे. त्याची चाल तीच राहते, शब्द बदलतात आणि कथन पुढे सरकते. 'कोरस' हा स्वतंत्र विभाग असतो. कडव्याहून बहुधा उंच स्वरात असलेला हा विभाग दर वेळी त्याच शब्दांनी येतो. कडव्याच्या शेवटी जोडलेली एखादी ओळच परत परत येत असेल, तर त्याला 'रिफ्रेन' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी 'पालुपद' हा नेमका शब्द आहे. 'ब्रिज' म्हणजे सेतू हा तिसरा विभाग. त्याची चाल वेगळी, सूर वेगळा आणि बोलण्याचा रोखही वेगळा असतो. 'हुक' म्हणजे गळ. हा विभाग नव्हे, तो एक गुण आहे. ऐकणाऱ्याच्या मनात अडकून राहणारा शब्दांचा किंवा सुरांचा छोटा तुकडा म्हणजे हुक. तो कोरसमध्ये असेल, पालुपदात असेल, एखाद्या वाद्याच्या सुरावटीतही असेल.

आपल्या भावगीतात गळ आरंभीच टाकलेला असतो, कारण ध्रुवपद आधी आणि अंतरा नंतर. पाश्चात्त्य गीतात बहुधा आधी कडवे आणि मग कोरस येतो. म्हणजे आपला श्रोता ओळखीच्या ठिकाणाहून निघतो आणि त्यांचा श्रोता ओळखीच्या ठिकाणी पोचतो. हा नियम त्यांच्याकडेही मोडला जातो. बीटल्सचे 'शी लव्ह्ज यू' हे 1963 सालचे गीत थेट कोरसने सुरू होते. ती सूचना त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांची होती.

आता मुख्य उदाहरण घेऊ : बीटल्सचेच 'वी कॅन वर्क इट आउट'. ते ऑक्टोबर 1965 मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित झाले आणि त्याच डिसेंबरात प्रसिद्ध झाले. गीत जेमतेम सव्वादोन मिनिटांचे आहे. त्याचा आराखडा असा : कडवे, कडवे, सेतू, कडवे, सेतू, कडवे. स्वतंत्र कोरस नाही. शीर्षकाचीच ओळ प्रत्येक कडव्याच्या शेवटी दोनदा येते. चार कडव्यांत ती आठ वेळा पालुपद म्हणून ऐकू येते, आणि तरीही कंटाळा येत नाही.

याचे कारण कडव्यांत काय घडते आणि सेतूत काय घडते, यातल्या फरकात आहे. कडव्यांत प्रियकर प्रेयसीशी थेट बोलतो. भांडण मिटवू या, असे तो म्हणतो, पण मुद्दा माझा मान्य कर, हा हट्ट सोडत नाही. पालुपद मात्र 'आपण' या सर्वनामावर उभे आहे. 'मी' आणि 'तू' यांच्या ओढाताणीनंतर हा 'आपण' येतो, म्हणून तो कानाला सुटका वाटतो. शीर्षकातला शेवटचा शब्द 'आ' या मोकळ्या स्वराचा आहे, तो लांबवता येतो. हे गळाचे साधे शारीर अंग आहे. ओळ अर्थाने कितीही चांगली असली तरी तिचा शेवट जोडाक्षरावर किंवा ऱ्हस्व इकारावर झाला, तर गायकाला तिथे थांबायला जागा मिळत नाही.

दोन कडव्यांनंतर सेतू येतो. कडवी प्रामुख्याने पॉल मॅकार्टनी यांची, सेतू जॉन लेनन यांचा. कडव्यांतला आशावाद इथे बाजूला पडतो. आयुष्य थोडे आहे, भांडायला वेळ नाही, असा काहीसा अधीर, गंभीर सूर लागतो. 'तू' नाहीसा होत नाही, पण आता बोलणे दोघांपुरते राहत नाही, ते माणसाच्या आयुष्याविषयी होते. संगीतही तसेच वळते. कडवी डी मेजरमध्ये आहेत आणि सेतू बी मायनरमध्ये. आपल्या भाषेत सांगायचे तर, कडव्याचा शुद्ध धैवत हाच आता नवा षड्ज झाला. शिवाय सेतूतल्या ओळींच्या शेवटी लय तीनाच्या झोक्यावर जाते, वॉल्ट्झ नृत्यासारखी. ही कल्पना जॉर्ज हॅरिसन यांची होती. या गीतात लेनन यांनी हार्मोनियमही वाजवली आहे. आपल्या कानाला ती परिचित असल्यामुळे गीत ऐकताना तिच्या लांबट सुरांकडे लक्ष द्यावे.

त्यानंतर कडवे परत येते तेव्हा पालुपदाचे शब्द तेच असतात, पण आपण ते वेगळ्या मनाने ऐकतो. आधी ते समजुतीचे वाक्य होते. आता वेळ संपत चालल्याचे ऐकल्यावर ते विनवणीचे होते. शेवटच्या काही क्षणांत तो तीनाचा झोका वाद्यांतून पुन्हा डोकावतो आणि तडजोड खरोखर होईल का, ही शंका ठेवून गीत संपते. सेतूचे काम हेच : श्रोत्याला घरापासून इतके दूर न्यायचे, की परतल्यावर घर थोडे बदललेले दिसावे. पुनरुक्तीने ओळख होते, पण ओढ लागते ती अंतरामुळे.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. ध्रुपदाची स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग ही चार अंगे आपण शिकवतोच. रवींद्रसंगीतातही संचारी टिकून आहे. तिथे चाल बहुधा खालच्या सप्तकाकडे उतरते आणि मन आत वळते. सेतूशी सर्वांत जवळचे नाते तिचे आहे. फरक इतकाच, की संचारीत षड्ज जागचा हलत नाही. सेतूत तो हलू शकतो. मराठी भावगीत मुखडा आणि अंतरा यांवरच स्थिरावले, म्हणून तिसऱ्या अंगाची सवय आपल्या गीतकारांना कमी.

आता वर्गात करता येईल असा प्रयोग. 'दार उघडंच आहे' हे पालुपद घ्या. पहिल्या कडव्यात मुलगा रागाने घर सोडून जातो. पालुपद आईचे बोलावणे ठरते. दुसऱ्यात वर्षे जातात, पत्रे थांबतात. पालुपद आता हट्टाचे होते. तिसऱ्या कडव्यात आई आणखी वाट पाहते असे लिहिले, तर गीत इथेच थांबले. त्याऐवजी सेतू लिहा. बोलणारा बदला, आवाज मुलाचा करा. तो गावी पोचतो, गल्ली ओळखू येत नाही. मग शेवटचे कडवे : घर रिकामे, कडीही लावलेली नाही. पालुपदाचे शब्द तेच, पण त्यात आता बोलावणारे कोणी उरलेले नाही.

सेतू जमला की नाही, हे ओळखण्याच्या दोन कसोट्या मी वापरतो. पहिली, सेतू काढून गीत वाचावे. शेवटच्या पालुपदाचा अर्थ तोच राहिला, तर तो सेतू नसून चौथे कडवे आहे. दुसरी, शब्द न घेता चाल गुणगुणावी. शब्दांवाचून वळण कळत नसेल, तर चालीने साथ दिलेली नाही. मात्र प्रत्येक गीताला सेतू लागतोच असे नाही. ओवी किंवा आरती समूहाने म्हणायची असते. तिथे चालीतला अनपेक्षित फरक म्हणणाऱ्यांना अडखळवतो. ज्या गीतात बोलणाऱ्याचे मन बदलायचे आहे, त्यातच सेतू बांधावा.