ठरलेल्या तारखेस नवे वाहन : दरमहा किती रक्कम ठेवावी?

निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांपुढे दर काही वर्षांनी एक खर्च हमखास उभा राहतो. माल वाहून थकलेली पिकअप गाडी बदलावी लागते. हा खर्च अचानक येत नाही. तो केव्हा येणार हे आधीच ठाऊक असते. तरीही रक्कम जमविलेली नसल्याने कर्ज काढावे लागते. अशा वेळी ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने उभी करणे हाच उपाय होय. हिशेबाच्या भाषेत यास सिंकिंग फंड म्हणतात. ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी त्याचा हिशेब पुढील उदाहरणावरून समजून घ्यावा.

किती रक्कम लागेल?

समजा, एका बागायतदारास पाच वर्षांनी गाडी बदलावयाची आहे. तशाच नव्या गाडीची आजची किंमत ८,००,००० रुपये आहे. येथेच पहिली चूक होते. आजची किंमत धरून बचत केली तर ऐनवेळी रक्कम अपुरी पडते. किंमत दरसाल ५ टक्के वाढेल असे धरल्यास पाच वर्षांनी ती सुमारे १०,२१,००० रुपये होईल. जुनी गाडी विकून त्या वेळी २,५०,००० रुपये येतील असा अंदाज आहे. ते वजा करावेत. म्हणजे जमवावयाची रक्कम ७,७१,००० रुपये झाली. मुलीच्या लग्नासाठी हिशेब करताना हीच रीत वापरावी, मात्र तेथे वजा करण्यासारखे काही नसते.

हप्ता कसा काढावा?

टपाल कार्यालयाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीस १ ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के दर लागू झाला. या दराने दरमहा १०० रुपये भरल्यास ६० महिन्यांनी सुमारे ७,१३७ रुपये मिळतात. म्हणजे १ रुपयाच्या हप्त्यामागे ७१ रुपये ३७ पैसे. ७,७१,००० ला ७१.३७ ने भागिले असता १०,८०३ येतात. हप्ता दहाच्या पटीत असावा लागतो, म्हणून तो १०,८१० रुपये धरावा. पाच वर्षांत खिशातून ६,४८,६०० रुपये जातील; उरलेले व्याजातून येतील. दर तिमाहीस दर नव्याने जाहीर होतो. पण खाते उघडतेवेळचा दर त्या खात्यास अखेरपर्यंत राहतो. म्हणून खाते उघडताना चालू दर विचारून भागाकार पुन्हा करावा.

हाच बागायतदार एक वर्ष थांबला तर हाती ४८ महिने उरतात. तेवढ्याच व्याजाने हप्ता सुमारे १३,९८० रुपयांवर जातो.

हंगामी उत्पन्नाशी मेळ

बागायतदारास दरमहा पगार मिळत नाही. टोमॅटोचे पैसे पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून पावसाळ्याअखेर व हिवाळ्याच्या आरंभी येतात, तर द्राक्षाचे पैसे उन्हाळ्यात हाती पडतात. म्हणून डिसेंबरात खाते उघडावे आणि सहा हप्ते एकदम भरावेत. पुढील सहा हप्ते द्राक्षाच्या पैशातून जूनच्या आरंभी भरावेत. एकदम सहा हप्ते भरल्यास शंभर रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये सवलत मिळते. या उदाहरणात ती प्रत्येक वेळी १,०८१ रुपये होते. डिसेंबरात उघडलेले खाते पाचव्या वर्षीच्या डिसेंबरात पूर्ण होईल आणि द्राक्षाची काढणी जोरात येण्यापूर्वी गाडी दारी उभी राहील.

कोठे बिघडते?

हप्ता चुकल्यास दर शंभर रुपयांस दरमहा १ रुपया दंड पडतो. चार हप्ते चुकले की खाते खंडित होते. ते पुन्हा चालू करण्यास दोनच महिने मिळतात. गारपिटीच्या वर्षी हीच भीती असते. आगाऊ भरलेले हप्ते तेव्हा आधार देतात. तीन वर्षांनंतर खाते मुदतीपूर्वी बंद करता येते. परंतु मुदतीस एक दिवस उरला असला तरी व्याज बचत खात्याच्या कमी दराने मिळते. म्हणून गाडी घेण्याची तारीख खात्याच्या मुदतीनंतरचीच असावी. बारा हप्त्यांनंतर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. ते न फेडल्यास मुदतीअखेर व्याजासह कापले जाते आणि निधी तेवढा तोकडा पडतो.

दरसाल तपासणी

दर डिसेंबरात विक्रेत्याकडून गाडीची किंमत विचारावी. समजा, दोन वर्षांनी अंदाज १०,२१,००० वरून ११,००,००० रुपयांवर गेला, तर ७९,००० रुपये कमी पडणार हे तीन वर्षे आधीच कळते. उरलेल्या ३६ महिन्यांत, व्याज न धरता, दरमहा सुमारे २,२०० रुपये जादा ठेवावे लागतील. त्यासाठी टपालात नवे खाते काढू नये, कारण त्याची मुदत पुन्हा पाच वर्षांची होईल. बँकेत ३६ महिन्यांची आवर्ती ठेव काढावी, म्हणजे दोन्ही रकमा एकाच डिसेंबरात हाती येतील.