४.३ स्वपरिचयातील ‘तरी’

मिश्र वाक्यातील ‘जरी–तरी’ ही रचना आपण अभ्यासली आहे. नोकरीच्या अर्जातील स्वपरिचयात हीच रचना काय करते, ते या उपघटकात पाहू.

समजा, घाटंजी येथील एक विद्यार्थिनी पुण्यातील एका कंपनीच्या हिशेब विभागात अर्ज करीत आहे. तिचा पहिला मसुदा असा : ‘मी यवतमाळ जिल्ह्यातील लहान गावातली असले आणि आमच्या घरात कोणी शिकलेले नसले, तरी मी मेहनती आहे.’

‘तरी’मुळे दुसरे उपवाक्य पहिल्यातून निघणारी अपेक्षा मोडते. म्हणजे अशी अपेक्षा असते, हे वाक्य लिहिणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते. येथे मान्य झालेले गृहीतक असे की, लहान गावातील माणूस सहसा मेहनती नसतो. पडताळा घेण्यासाठी केवळ गावाचे नाव बदलून पाहा : ‘मी पुण्याची असले, तरी मेहनती आहे.’ हे वाक्य विचित्र वाटते, कारण तसे गृहीतक आपल्या मनात नसते. क्षमायाचना शब्दांत कोठेही नाही; ती रचनेत आहे.

आता सुधारित मसुदा पाहू :

‘घाटंजी, जि. यवतमाळ येथील रहिवासी. कुटुंबातील पहिली पदवीधर. तीन हंगाम जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावर काम. कापसाच्या गाडीचे भरलेले व रिकामे वजन घेऊन निव्वळ वजन काढणे, पावती देणे आणि संध्याकाळी पावत्यांचा नोंदवहीशी मेळ घालणे, ही जबाबदारी. हे काम सांभाळून दूरशिक्षणाने बी.ए.’

गाव आणि कुटुंब दोन्ही येथे आहेत. काहीही लपविलेले नाही. मात्र त्यांना ‘तरी’ने बांधलेले नाही. ‘मेहनती’ हे विशेषण गेले आणि त्याच्या जागी क्रियापदे आली. मुलाखतीत ‘मेळ बसला नाही, तर काय करीत होता?’ असा प्रश्न विचारता येतो व त्याचे उत्तर देता येते. विशेषणाबाबत असा प्रश्न संभवत नाही.

‘हलाखीच्या परिस्थितीवर मात करून’ यासारखी वाक्येही याच कारणाने टाळावीत. ती वाचकाकडे सहानुभूती मागतात, पण कामाविषयी माहिती देत नाहीत.

तथापि, विरोधदर्शक रचना सर्वस्वी त्याज्य नाही. जाहिरातीत संगणकीय हिशेबाचा अनुभव मागितला असेल, तर ‘संगणकावर हिशेब ठेवलेले नाहीत, परंतु हस्तलिखित नोंदवही तीन हंगाम सांभाळली आहे’ असे लिहिणे योग्यच होय. येथे अपेक्षा जाहिरातीत प्रत्यक्ष नमूद आहे. ती आपण स्वतःवर लादलेली नाही.

स्वाध्याय : आपल्या स्वपरिचयाचा परिच्छेद लिहा. त्यातील ‘तरी’, ‘असूनही’, ‘परंतु’ अधोरेखित करा. प्रत्येक ठिकाणी मोडलेली अपेक्षा कोणाची आहे, ते एका वाक्यात लिहा. ती जाहिरातीत नसेल, तर वाक्य पुन्हा रचा.