इसबगोलाचा भुसा : मात्रा, पाणी आणि इतर औषधांपासूनचे अंतर

सुरत शहराच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून आलेली असंख्य मराठी कुटुंबे यंत्रमागांवर व कापडाच्या कारखान्यांत काम करीत आहेत. यांपैकी पुष्कळ घरांत इसबगोलाचा एक पुडा असतोच. हे पीक गुजरातेतीलच आहे. मेहसाणा व बनासकांठा या भागांत ते रब्बी हंगामात घेतले जाते, ऊंझा येथे त्याची मोठी बाजारपेठ असून सिद्धपूर येथील गिरण्यांत बियांवरील पातळ पापुद्रा वेगळा केला जातो. बियांच्या वजनाच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतका निघणारा हा पापुद्रा म्हणजेच इसबगोलाचा भुसा होय. माल घरचा, स्वस्त व निरुपद्रवी, म्हणून तो कसाही घ्यावा अशी समजूत रूढ आहे. या समजुतीमुळेच तो अनेकदा उलट फळ देतो.

भुश्यात रेचक असे काही नाही. तो आतड्यात पचत नाही. पाणी शोषून फुगतो व बुळबुळीत लगदा बनतो. एक ग्रॅम भुसा भांड्यात पुरेशा पाण्यात चोवीस तास ठेवल्यास त्याचे आकारमान ४० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक होते. पोटात असा लगदा तयार झाला की मल मऊ व मोठा होतो आणि आतडे त्याला सहज पुढे ढकलते. याउलट मल पातळ असेल, तर हाच भुसा जास्तीचे पाणी धरून ठेवतो व मलास घट्टपणा आणतो. परस्परविरुद्ध दोन तक्रारींवर एकच वस्तू उपयोगी पडते, याचे कारण एवढेच. मात्र बद्धकोष्ठात लगद्यासाठी लागणारे पाणी बाहेरूनच पुरवावे लागते.

ही गोष्ट एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उधन्यातील एका मागकामगाराची पाळी सायंकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत आहे, असे समजावे. शेडमध्ये उकाडा फार, घाम फार, आणि माग सोडून जाता येत नसल्याने पाणी पिणे कमी. आठवड्यातून दोनदाच शौचास होते. तो सकाळी घरी येतो, रक्तदाबाची गोळी घेतो, लगेच दोन मोठे चमचे कोरडा भुसा तोंडात टाकतो, वर घोटभर चहा घेतो आणि झोपतो. चार दिवसांनी पोट फुगते, शौचास अधिकच कुंथावे लागते. म्हणून तो तिसरा चमचा वाढवतो.

येथे चार चुका एकत्र आल्या आहेत. कोरडा भुसा तोंडात टाकला की लाळेनेच फुगू लागतो आणि घशात वा अन्ननलिकेत अडकू शकतो. घोटभर पाण्यात तो आतड्यात पुरेसा सैल होत नाही, उलट चिकट गोळा बनतो. घेऊन लगेच आडवे झाल्यास अडकण्याचा धोका वाढतो. आणि गोळी त्याच वेळी घेतल्याने तिचा काही अंश लगद्यात गुरफटून रक्तात कमी जाण्याचा संभव राहतो.

या कामगाराने क्रम असा बदलावा. गोळी सकाळी आठला घ्यावी. दुपारी झोपून उठल्यावर, सायंकाळी पाचच्या सुमारास, भुसा घ्यावा. आरंभी सुमारे साडेतीन ग्रॅम पुरेत. अखंड भुसा फार हलका असतो. चहाच्या सपाट चमच्यात तो दीड ते दोन ग्रॅमच मावतो, म्हणून असे दोन चमचे घ्यावेत. दळलेली पूड मात्र याच चमच्यात बरीच अधिक मावते. तेव्हा पुडीवरील वजन पाहूनच माप ठरवावे. भुसा पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर, पाण्यात ढवळून दाट होण्यापूर्वीच एका दमात प्यावा आणि वर आणखी पेलाभर पाणी घ्यावे. ग्रॅममागे ३० मिलिलिटर ही पाण्याची अगदी खालची मर्यादा आहे. घाम गाळणाऱ्या माणसाने त्यावर विसंबू नये. पाळीवर जाताना पाण्याची बाटली सोबत ठेवावी व ती रिकामी करून परत यावे.

परिणाम बारा ते चोवीस तासांत सुरू होतो. पूर्ण गुण येण्यास दोन-तीन दिवसही लागतात. पहिल्याच सकाळी काही झाले नाही म्हणून मात्रा दुप्पट करू नये. तीन-चार दिवसांनी पोट हलके वाटत असेल तर दुसरी वेळ वाढवावी. प्रौढास दिवसभरात सात ते अकरा ग्रॅम, दोन किंवा तीन वेळांत विभागून, पुरेसे होतात. आरंभी थोडा वायू धरतो, तो पुढे कमी होतो. निजण्यापूर्वी दुधातून घेण्याची घरोघरची चाल असेल, तर किमान एक तास आधी घ्यावा व वर पाणी प्यावे.

इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर, आधी किंवा नंतर, राखणे हा साधा नियम आहे. लोह, हृदयविकारावरील डिगॉक्सिन, फेफऱ्यावरील कार्बामाझेपीन व मानसिक आजारावरील लिथियम यांच्याबाबत तो विशेष पाळावा. थायरॉईडच्या गोळीचा प्रकार अधिक फसवा आहे. थायरॉईडची उणीव असेल तर बद्धकोष्ठ हे तिचेच एक लक्षण असते. रुग्ण सकाळच्या गोळीबरोबर भुसा घेऊ लागला, तर गोळी कमी लागू पडते, उणीव वाढते, आणि त्यासोबत ज्यासाठी भुसा घेतला ते बद्धकोष्ठही वाढते. अशा रुग्णाने गोळी पहाटे उपाशी पोटी व भुसा दुपारनंतर, निदान चार तासांनी घ्यावा. मधुमेही रुग्णाची साखर भुश्याने थोडी खाली येऊ शकते. इन्सुलिन चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे.

पातळ जुलाबांत जुनी तक्रार व अकस्मात लागलेले ढाळ यांत भेद करावा. वारंवार थोडेथोडे सैल होणाऱ्यास वरीलच मात्रा, पाण्यासह, चालते. दह्यात कालवला तरी वर पाणी प्यावेच. पावसाळ्यात दूषित पाण्याने ढाळ लागले असता मात्र भुश्याने मल दाट दिसतो, शरीरातून जाणारे पाणी व क्षार भरून येत नाहीत. मल दाट दिसल्याने घरचे निश्चिंत होतात आणि रुग्ण सुकत जातो. तेथे जलसंजीवनीची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून पाजणे हाच पहिला उपाय आहे. मुलांच्या जुलाबांत भुसा देऊच नये. सहा वर्षांखालील मुलांना तो कोणत्याही कारणाने डॉक्टरांवाचून देऊ नये.

गिळण्यास त्रास होणाऱ्याने किंवा ज्याच्या आतड्यास पूर्वी अडथळा झाला आहे अशा व्यक्तीने भुसा टाळावा. घेतल्यावर छातीत अडकल्यासारखे वाटणे, श्वास कोंडणे, उलटी होणे, पोट ताठ होऊन वायूही न सरणे, ही लक्षणे दिसल्यास आणखी पाणी किंवा भुसा न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. मलातून रक्त जात असेल किंवा शौचाची सवय दोन आठवड्यांहून अधिक काळ अकारण बदललेली असेल, तर भुश्याचा पुडा बाजूला ठेवून प्रथम तपासणी करून घ्यावी.