सारनाथच्या दोन मूर्ती : सौंदर्यदृष्टीचा एक धडा

आपल्या विहारांत आणि घरांत तथागतांची जी मुद्रा आपण पाहतो, ती मिटत्या पापण्यांची, शांत आणि अंतर्मुख असते. बुद्धांचे रूप म्हटले की हेच रूप मनात उभे राहते. परंतु शिल्पकारांनी ते नेहमीच असे घडवले नाही. भाजे येथील प्राचीन चैत्यगृहात तर मूर्तीच नाही. तेथे वंदनेसाठी केवळ साधा, गोलाकार स्तूप आहे.

मूर्ती घडू लागल्यावर सौंदर्याची कल्पना कशी पालटली, हे सारनाथच्या संग्रहालयातील दोन मूर्ती स्पष्ट दाखवतात.

पहिली मूर्ती भिक्खू बल यांनी कनिष्काच्या राज्यवर्ष 3 मध्ये दान दिली. मथुरेच्या तांबड्या वालुकाश्मातील ही उभी मूर्ती पुरुषभर उंचीहूनही मोठी आहे. खांदे रुंद, छाती भरदार, डोळे उघडे. डाव्या हाताची मूठ कमरेवर आणि पायांमध्ये सिंह. मथुरेचे कारागीर त्यापूर्वी यक्षांच्या भव्य मूर्ती घडवत असत. सामर्थ्य म्हणजे सौंदर्य, ही त्यांची धारणा या मूर्तीतही उतरली आहे. कोरीव लेखात तिला ‘बोधिसत्त्व’ म्हटले आहे.

दुसरी मूर्ती सुमारे साडेतीनशे वर्षांनंतरची, गुप्तकाळातील आहे. चुनारच्या फिकट वालुकाश्मातील हे बुद्ध पद्मासनात बसून धम्मचक्रप्रवर्तनाच्या मुद्रेत उपदेश करीत आहेत. पापण्या खाली झुकलेल्या, अंग सडपातळ आणि गुळगुळीत. स्नायूंचा मागमूस नाही. येथे बळाची जागा संयमाने घेतली आहे. घाईने पाहणाऱ्यास अंगावर वस्त्रच नाही असे वाटते. परंतु गळ्याशी आणि मनगटाशी चीवराची बारीक कड दिसते. आसनाखाली चक्र, हरणे आणि पहिले पाच शिष्य कोरलेले आहेत.

या बदलास प्रगती म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. मथुरेच्या शिल्पकाराला नाजूक काम जमत नव्हते असे नाही. त्याच्या काळाला महापुरुषात तेज आणि बळ पाहायचे होते, तर गुप्तकाळाला ध्यान पाहायचे होते. अजिंठ्याच्या लेणे क्र. 1 मधील पद्मपाणी हा सारनाथच्या या बुद्धांच्याच युगातला. त्याचीही दृष्टी खाली वळलेली आहे. म्हणजे ही आवड एका गावाची किंवा केवळ दगडाची नव्हती; ती रंगांतही उतरली होती.

तथागतांच्या हयातीत काढलेले एकही चित्र आपल्यापाशी नाही. म्हणून कोणतीही मूर्ती त्यांचा चेहरा सांगत नाही. घडवणाऱ्या पिढीने त्यांच्यात कोणता गुण वंदनीय मानला, ते सांगते. झुकलेल्या पापण्यांचे रूप आपण आपलेसे केले, यातून आपली आवडही प्रकट होते. पुढच्या वेळी मूर्तीसमोर उभे राहाल तेव्हा प्रथम डोळे पाहावेत, मग खांदे आणि मग चीवराची कड. त्या मूर्तीचा काळ आपोआप बोलू लागेल.