खाली बाटल्यांची खतावणी

काचेच्या बाटल्यांतली थंड पेयं पुरवणाऱ्या एजन्सीत मी हिशेब सांभाळतो. आमची गाडी नगर-मनमाड रस्त्यावरच्या ढाब्यांना आणि पानटपऱ्यांना माल टाकते. पेयाचे पैसे आज ना उद्या येतात. भांडण होतं ते खाली बाटल्यांवरून, आणि तेही महिनाअखेरीला, बिलात न आलेल्या बाटल्यांची रक्कम दिसली की.

आमच्या एजन्सीत पूर्वी फक्त कॅरेटची नोंद व्हायची. दहा भरलेली दिली, दहा खाली आली, हिशेब चुकता. पण कारखान्यात खाली माल परत गेला की तिथे कॅरेट नाही, बाटली मोजतात. तोंडाला टवका गेलेल्या आणि दुसऱ्या कंपनीच्या बाटल्या बाजूला निघतात, आणि त्यांचे व कमी आलेल्या बाटल्यांचे पैसे एजन्सीच्या नावे पडतात. एका उन्हाळ्यानंतर ही रक्कम एवढी फुगली, की मालकांनी ती सगळ्या गिऱ्हाइकांवर अंदाजाने वाटून बिलं धाडली. जे इमानदारीने चोवीसच्या चोवीस बाटल्या देत होते, त्यांनाही तेवढाच भुर्दंड बसला. चांगली गिऱ्हाइकं तुटली ती तेव्हा. म्हणून या धंद्यात नव्याने पडणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो: बाटली आणि कॅरेट ही दोन वेगळी खाती आहेत, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची दोन्ही खाती वेगळी लिहायला हवीत. बाटल्या दोन मापांच्या असतील तर प्रत्येक मापाचंही वेगळं.

एका ढाब्याचा महिना मांडून दाखवतो. त्याचं डिपॉझिट दहा कॅरेटचं, म्हणजे 240 बाटल्या. आमचा दर बाटलीला 10 रुपये आणि कॅरेटला 150, म्हणून एकूण 3,900 रुपये जमा. महिन्याच्या सुरुवातीला त्याच्याकडे नेमकी 10 कॅरेट आणि 240 बाटल्या होत्या. महिनाभरात 26 कॅरेट भरलेली गेली, म्हणजे 624 बाटल्या. परत आली 25 कॅरेट. जुन्या पद्धतीने त्याच्याकडे 11 कॅरेट उरली, काळजीचं कारण नाही. पण त्या 25 कॅरेटमध्ये 600 ऐवजी 553च बाटल्या होत्या. म्हणजे बाटल्यांच्या खात्यावर 240 अधिक 624 वजा 553, अशी 311 बाकी. अकरा कॅरेटमध्ये 264च मावतात. वरच्या 47 बाटल्यांची जागा परत आलेल्या कॅरेटमध्ये रिकामी होती.

ती रिकामी जागा नजरेत का येत नाही, हे गाडीवर उभं राहून पाहिलं की कळतं. कॅरेटची थप्पी लावताना वरची दोन भरगच्च दिसतात, कमी भरलेली तळाला जातात. म्हणून थप्पी उतरवून प्रत्येक कॅरेट वरून पाहायचं, आणि बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवायचं, म्हणजे टवका लागतो. वासही घ्यावा. रॉकेल किंवा फिनेल भरलेली बाटली धुऊनही निघत नाही, कारखाना ती नाकारतो. हे सगळं गिऱ्हाइकासमोर, माल उतरवतानाच करायचं. गोदामात मोजून नंतर फोन केला तर कुणीच मान्य करत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मोजलं की चलानावर भरलेलं दिलं किती, खाली आलं किती आणि आजची बाकी किती हे तिन्ही आकडे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यायची. सही बाकीच्या आकड्यावर हवी, नुसत्या मालावर नको. संध्याकाळी गाडी आली की दिवसभराच्या चलानांवरच्या खाली बाटल्यांची बेरीज गोदामातल्या मोजणीशी जुळवायची. ती जुळली नाही तर फरक गाडीवर आहे, गिऱ्हाइकावर नाही. हा फरक त्या दिवशीच सुटला नाही तर महिनाअखेरीला तो कुणाच्या तरी बिलात शिरतो.

आता आकारणी. बाकी म्हणजे हरवलेल्या बाटल्या नव्हेत. ढाब्याच्या 311 बाकीत फ्रिजमधली भरलेली बाटलीही आहे आणि टेबलाखालची रिकामीही. म्हणून महिनाअखेरीला, शेवटचा माल टाकून झाल्यावर, दुकानात जाऊन मोजायचं. त्या ढाब्यावर आमच्या माणसाला भरलेल्या 96 आणि खाली 131 मिळाल्या, म्हणजे 227. शिवाय भटारखान्यामागे रॉकेल भरून ओळीने ठेवलेल्या काही बाटल्या होत्या. त्या नाकारल्या जाणार, म्हणून धरल्या नाहीत. 311 वजा 227, अशा 84 बाटल्या कमी. कॅरेट अकराच्या अकरा सापडली. आकारणी 840 रुपये, कॅरेटचं काही नाही.

ढाब्याचे अण्णा भडकले. "भाऊ, कॅरेट मोजून नेलीत ना? मग आता बाटल्यांचं काय काढता?" त्यांच्यासमोर सहीची चलानं ठेवली. त्यांनी बाकीच्या आकड्यावरच्या स्वतःच्या सह्या पाहिल्या, पोरांना बोलावून विचारलं आणि पैसे दिले. शेजारच्या टपरीवर बाटल्या जातात हे पोरांनीच सांगितलं. सह्या नसत्या तर हे बोलणं झालंच नसतं.

पैसे घेतल्यावर जे करायचं ते बऱ्याच ठिकाणी राहून जातं. आकारलेल्या 84 बाटल्या खात्यातून वजा करायच्या. पुढच्या महिन्याची सुरुवात 227ने व्हायला हवी. 311 तशीच ओढली, तर पुढच्या महिनाअखेरीला त्याच 84 बाटल्या पुन्हा कमी दिसतात आणि गिऱ्हाईक एका बाटलीचे दोनदा पैसे देतं. खातं जुळतं का हे पाहण्याची सोपी खूण अशी की आकारणीनंतर कागदावरची बाकी आणि दुकानातली मोजणी एकच आकडा यायला हवा.

ही 840ची रक्कम आम्ही डिपॉझिटमधून कापत नाही, वेगळी मागतो. कापली तर 3,900चे 3,060 होतात आणि पुढचा माल अर्धवट डिपॉझिटवर जातो. डिपॉझिट हे गिऱ्हाइकाचं आपल्याकडे असलेलं देणं आहे, विक्रीत धरायचं नाही. जीएसटी कायद्यातही डिपॉझिट हा मालाचा मोबदला मानत नाहीत, जोवर विक्रेता ते मोबदला म्हणून वळतं करत नाही. वळतं केलं, किंवा न आलेल्या बाटल्यांची किंमत घेतली, तर त्यावर कर लागतो का आणि कसा, हे आपल्या सीएकडून पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावं. हिशेबाची पद्धत दर वर्षी बदलायची पाळी येऊ नये.

डिपॉझिटचा दर ठरवतानाही विचार हवा. नवी बाटली ज्या भावाने आपल्या नावे पडते, त्यापेक्षा डिपॉझिट फार कमी असेल, तर बाटली परत आणायला गिऱ्हाइकाला कारण उरत नाही आणि वसुलीही तोट्याची होते.

लग्नसराईत मात्र हा महिन्याचा हिशेब लावू नये. मंगल कार्यालयात गेलेल्या 15 कॅरेटचा महिनाअखेरीला माग लागत नाही, कारण मांडव उठला की माणसंच नसतात. तिथे पूर्ण डिपॉझिट रोख घ्यावं, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजून उचलावं आणि तिथल्या तिथे उरलेले पैसे परत करून खातं बंद करावं.

आकारलेली बाटली नंतर आली तर काय, असं अण्णांनी विचारलं होतं. आम्ही 10 तारखेपर्यंत धडधाकट बाटली परत घेतो, तिचे 10 रुपये पुढच्या बिलात वजा देतो आणि बाकीत एक वाढवून ती आली म्हणून लगेच एक कमी करतो. त्या दोन्ही नोंदी लिहाव्याच लागतात, नाहीतर 227चा आकडा पुन्हा बिघडतो.