पाचशे सत्तावन्न : ऐकायचं एका क्रमानं, लिहायचं दुसऱ्या

तिसरीच्या मुलांना एक संख्या तोंडी सांगा : पाचशे सत्तावन्न. अंकांत लिहायला लावा आणि वह्या गोळा करा. बहुतेक वह्यांत ५५७ असेल. काहींत ५७५ सापडेल आणि एखाद्या वहीत ५००५७ सुद्धा. आपण दोन्ही चुकांवर सारखीच लाल खूण करतो आणि शेरा देतो, 'स्थानिक किंमत समजलेली नाही'. पण या दोन चुका वेगळ्या आहेत, आणि त्यातल्या एकीचा स्थानिक किमतीशी फारसा संबंधच नाही. ती चूक आपल्या संख्यानामाच्या बांधणीतून येते. ही बांधणी आज उलगडून बघू.

संख्यानामात दडलेलं गणित

प्रत्येक संख्येला वेगळं नाव द्यायचं म्हटलं तर कोणाच्याच लक्षात राहणार नाही. म्हणून जगातल्या बहुतेक भाषा थोडीच मूळ नावं ठेवतात आणि बाकीची बेरीज-गुणाकारानं तयार करतात. 'तीनशे चार' घ्या. 'शे'च्या आधी तीन आले, त्यांनी शंभराला गुणलं. नंतर चार आले, ते मिळवले गेले.

३ × १०० + ४ = ३०४

म्हणजे नियम असा : मोठ्या संख्येच्या आधी आलेली लहान संख्या गुणायची, नंतर आलेली मिळवायची. 'पाच हजार' आणि 'एक हजार पाच' यांत पाचाची जागा बदलली की गणित बदलतं. 'गुणिले' किंवा 'अधिक' हे शब्द कुठेच नाहीत. नुसता क्रम ते काम करतो. हा नियम मुलांना कोणी शिकवत नाही, ती ऐकून ऐकून तो उचलतात.

दहाचा गट की विसाचा?

आता प्रश्न असा, की गुणायचं कशाला? आपण दहाच्या गटांत मोजतो : दहा, शंभर, हजार. हाताची बोटं दहा, म्हणून हा गट सर्वांत जास्त भाषांत दिसतो. पण हातापायांची मिळून बोटं वीस होतात आणि काही भाषा विसाचा गट धरतात. आपल्याकडेही बाजारात वीस नगांना 'कोडी' म्हणतातच.

फ्रेंचमध्ये हे दोन्ही गट एकत्र नांदतात. चारला 'कात्र' आणि विसाला 'व्हॅं' म्हणतात. 'व्हॅं'नंतर 'कात्र' आलं की २० + ४ = २४. तेच 'कात्र-व्हॅं' असं उलट म्हटलं की ४ × २० = ८०. आपला वरचा नियम जसाच्या तसा! सत्त्याण्णवला ते म्हणतात 'कात्र-व्हॅं-दिस-सेत', म्हणजे चार-वीस-दहा-सात.

४ × २० + १० + ७ = ९७

पॅरिसमध्ये तेराव्या शतकात राजा नववा लुई यानं तीनशे अंधांसाठी एक आश्रयस्थान काढलं. त्याचं नाव 'पंधरा-विसा' या अर्थाचं आहे, १५ × २० = ३००. आज ते डोळ्यांचं रुग्णालय आहे आणि नाव तेच आहे. म्हणजे पूर्वी विसाची मोजणी ऐंशीच्या पुष्कळ पुढे चालत होती, आता तिचा तुकडा तेवढा उरला आहे. स्वित्झर्लंडमधले फ्रेंच भाषक मात्र सत्तर आणि नव्वदसाठी दहाच्या गटातले साधे शब्द वापरतात. भाषा एकच, गट दोन.

डेन्मार्कची अडीचकी

डॅनिश भाषेत पन्नासाला 'हालत्रेस' म्हणतात. हा शब्द झिजलेला आहे. त्याचं जुनं लांब रूप उलगडलं तर अर्थ निघतो 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. अर्धा-तिसरा म्हणजे काय? दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा, म्हणजे अडीच.

२½ × २० = ५०

ऐकून विचित्र वाटतं ना? पण आपला 'अडीच' हा शब्द कुठून आला ते बघा. संस्कृत 'अर्धतृतीय' म्हणजे अर्धा-तिसरा. तो प्राकृतातून झिजत आपल्याकडे 'अडीच' झाला. 'दीड' हा तसाच 'अर्धा-दुसरा'. डॅनिशमध्ये दीडला आजही 'अर्धा-दुसरा' अशाच अर्थाचा शब्द आहे. म्हणजे डॅनिश माणूस पन्नासाला जे म्हणतो ते आपल्या बोलीत थेट 'अडीच कोडी' होतं. याच रीतीनं त्यांचे सत्तर म्हणजे साडेतीन विसा आणि नव्वद म्हणजे साडेचार विसा. अडीचकीचा पाढा पाठ केलेल्या आपल्या आजोबांना ही मोजणी मुळीच अवघड वाटली नसती.

गंमत अशी, की सामान्य डॅनिश माणसाला 'हालत्रेस' म्हणताना वीस ऐकू येत नाहीत, जसे आपल्याला 'अडीच' म्हणताना अर्धा-तिसरा ऐकू येत नाही. शब्द झिजला की आतलं गणित बुजतं. मग तो शब्द नुसता पाठ करावा लागतो.

आता आपल्या घरात

मराठीत गट दहाचाच, मग अडचण कुठे? शंभराच्या वर आपण नियम पाळतो, शंभराच्या आत मोडतो. 'पाचशे'मध्ये पाच आधी येतात आणि गुणतात. 'सत्तावन्न'मध्ये सात आधी येतात, पण ते गुणत नाहीत, मिळवले जातात : ७ + ५०. म्हणजे 'पाचशे सत्तावन्न' या एकाच संख्येत मूल आधी मोठं, मग सर्वांत लहान, मग मधलं ऐकतं.

ऐकू येतं : ५००, ७, ५०
लिहायचं : ५, ५, ७

ऐकलं तसं लिहिलं की ५७५ होतं. शेजारच्या कन्नडमध्ये सत्तावन्नला 'ऐवत्तेळु' म्हणतात, म्हणजे पन्नास-सात. तिथे ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच असतो.

दुसरी अडचण झिजण्याची. पन्नास एकटे असताना 'पन्नास', पण जोडीत कधी 'वन्न' (बावन्न) तर कधी 'पन्न' (त्रेपन्न). सत्तरचे 'हत्तर' होतात, साठचे 'सष्ट', नव्वदचे 'ण्णव'. 'वन्न' म्हणजे पन्नास हे मुलाला कोणीतरी सांगावंच लागतं.

तिसरी अडचण वजाबाकीची. 'एकोणसाठ' म्हणजे साठला एक उणा, ६० − १. इथे कानावर 'साठ' पडतं आणि लिहायचे असतात पन्नासातले अंक. म्हणून मूल ६९ लिहितं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत चालते. नव्व्याण्णव मात्र 'एकोणशंभर' नाही, तिथे सरळ ९ + ९० आहे.

चूक कुठली, हे कसं ओळखायचं?

एवढं समजलं की वही वाचता येते. ज्यानं ५७५ लिहिलं त्याला शंभराचे गठ्ठे, दहाचे गठ्ठे आणि सुटे चिंचोके द्या आणि पाचशे सत्तावन्न मांडायला सांगा. त्यानं शंभराचे पाच, दहाचे पाच आणि सात सुटे बरोबर मांडले, तर त्याला संख्या कळली आहे. फक्त कानाचा क्रम हातात उतरला. पण त्यानं दहाचे सात गठ्ठे मांडले, तर त्याला 'वन्न' आणि 'हत्तर' यांची ओळख नाही, तिथून सुरुवात करावी लागेल.

५००५७ लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी. सत्तावन्न त्यानं बरोबर ओळखलं आहे. पण ५०० आणि ५७ यांची बेरीज करण्याऐवजी ते शेजारी ठेवले. शंभराच्या दोन शून्यांच्या जागी पुढचे अंक बसतात, हे त्याला कळायचं आहे. ही खरी स्थानिक किमतीची अडचण. त्याच्यासाठी पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापा : ५०० ची लांब, ५० ची मध्यम, ७ ची लहान. उजव्या कडा जुळवून एकावर एक ठेवल्या की शून्यं झाकली जातात आणि ५५७ दिसतं. पट्ट्या सरकवून पुन्हा उघडल्या की बेरीजही दिसते.

श्रुतलेखनाच्या संख्या निवडताना एक काळजी घ्या. पंचावन्न सांगून काही कळणार नाही, उलट लिहिलं तरी ५५ च. सत्तावन्न आणि पंच्याहत्तर ही जोडी सांगा, एकोणसाठ आणि एकोणसत्तर सांगा, एकशे पाच सांगा. प्रत्येक संख्या एकेक अडचण उघडी करते.

शब्दच बदलावेत का?

नॉर्वेनं हे करून पाहिलं. तिथेही 'सात-आणि-पन्नास' म्हणत. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना अंकांची उलटापालट होऊ लागली, तेव्हा १९५१ साली सरकारनं अधिकृत रीत 'पन्नास-सात' अशी केली. शाळांत नवी रीत रुजली, पण जुनी आजही अनेकांच्या तोंडी आहे. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर आठ' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, ते तुम्हाला आठवत असेलच.

माझं मत विचाराल तर 'पन्नास सात' ही शिडी आहे. ती क्रमाची अडचण दूर करते, कारण ऐकलं तसंच लिहायचं असतं. पण दुकानदार 'सत्तावन्न रुपये' म्हणणार, आजी 'एकोणसाठ' म्हणणार, तेव्हा ते शब्द मुलाला यायलाच हवेत. म्हणून दोन्ही जोडीनं म्हणून घ्या : 'सत्तावन्न, पन्नास आणि सात'. 'एकोणसाठ, साठला एक कमी, पन्नास आणि नऊ'. रोज फक्त एक दशक घ्या आणि त्या दशकाची शेपटी, 'वन्न', 'सष्ट', 'हत्तर', फळ्यावर वेगळ्या रंगानं लिहा. पालकांनी घरी हेच किराणामालाच्या बिलावर करून घ्यावं.

आणि पुढच्या वेळी वहीत ५७५ दिसलं, तर लाल खूण करण्याआधी मुलाला एवढंच विचारा, "तू काय ऐकलंस ते हळू म्हणून दाखव बरं." त्याच्या बोलण्यात सात आधी आणि पन्नास नंतर येताना ऐकू येतील. मग कुठली पट्टी आधी ठेवायची, ते त्याला दाखवता येईल.