विम्यानंतर उरलेलं कर्ज कोणी फेडायचं?

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर डिचोलीतल्या फ्लॅटवर १७ लाखांचं कर्ज आहे. आई आणि मी सहकर्जदार. बहीण लग्न होऊन पेडण्यात असते, तिची सही नाही. कर्जाचा विमा फक्त वडिलांचा होता. आता हप्ते कोणी भरायचे?

उत्तर : आधी विम्याचं प्रमाणपत्र काढा आणि सोबतचा तक्ता पाहा. अशा विम्याचं छत्र बहुधा दरवर्षी घटतं. व्याजदर वाढून मुदत लांबली तरी तक्ता जुन्याच हिशेबाने चालतो. समजा त्यात १४ लाख निघाले, तर ते बँकेकडे जमा होतील आणि ३ लाख उरतील. दावा मंजूर होईपर्यंत हप्ते थांबवू नका, खातं थकबाकीत जाईल. मृत्यूच्या तारखेची शिल्लक बँकेकडून लेखी घ्या.

उरलेले ३ लाख बँक तुमच्याकडून किंवा आईकडून पूर्ण मागू शकते, कारण सहकर्जदाराची जबाबदारी अर्धी-अर्धी वाटली जात नाही. बहिणीवरचं कर्ज मात्र तिला मिळणाऱ्या वारशापुरतंच.

मालकी निराळी. गोव्यात आईवडिलांचं लग्न सामाईक मालमत्तेच्या पद्धतीचं असेल, तर अर्धा फ्लॅट आईचाच; उरलेल्या अर्ध्यात तुम्ही भावंडं समान. हप्ते तुम्ही भरल्याने बहिणीचा हिस्सा घटत नाही, म्हणून पावत्या जपा. वाटणीत तो हिशेब मांडता येतो. विशेष नोटरीकडे वारसपत्र करून घ्या. कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात, आणि ती वारसांच्या हाती पडायला हे वारसपत्र लागेल.